गणपतीतल्या गेम स्पर्धेत 'पे टू विन' कसं टाळायचं? बजेट 3000

शिवाजीपेठी_दादा
आमच्या तालमीच्या गणपतीत पोरांसाठी मोबाईल गेमची स्पर्धा घ्यायची आहे. 16 पोरं, चौघाचौघांच्या चार टीम. बक्षिसासकट बजेट 3000, वर्गणीतलं, म्हणजे हिशेब द्यावा लागणार. गेल्या वर्षी फ्री फायर मॅक्सच्या फायनलनंतर हरलेल्यांनी कालवा केला, "त्यानं डायमंड घालून बंदूक आणलीय, ही मॅच कसली?" जिंकलेला म्हणतोय, "नुसती स्किन हाय, रंग हाय." कोण खरं? जिंकून देणारी वस्तू आणि नुसती मिरवायची वस्तू यातला फरक आधीच कसा ओळखायचा? आणि गेम कुठला ठेवू? फोन साधे आहेत, बरेचसे 4 जीबीवाले.

राजारामपुरी_रॉकेट
बीजीएमआय ठेवा, विषय संपला. आणि एक आयपॅड घ्या तालमीला. मी गेल्या दिवाळीत घेतला, तेव्हापासून समोरचा दिसायच्या आधी खाली. खरं पे टू विन म्हणजे डिव्हाइस.

शिवाजीपेठी_दादा
मर्दा, 3000 लिहिलंय वर.

मिसळ_कट_जादा
बीजीएमआयलाच +1. पण तिथंही पैसा चालतोच. एम416 ची ग्लेशियर स्किन असली की रिकॉइल कमी होतं. माझ्या दोस्ताची बंदूक हलतच नाही.

रात्रपाळी_रंकाळा
दोस्ताचा हात चांगला आहे, स्किनचा काही संबंध नाही. ट्रेनिंग ग्राउंडवर जा, साधी एम416 आणि ग्लेशियर दोन्हीला सारख्याच अटॅचमेंट लावा, भिंतीवर एक-एक मॅगझिन मोकळं करा. नमुना तोच पडतो. तिथं पैशानं मिळतं ते रूप, मारल्यावरचा इफेक्ट आणि वर येणारा किल मेसेज. मारा तेवढाच.

दादांच्या पोरांचं मात्र वेगळं आहे. फ्री फायरमध्ये बऱ्याच बंदुकांच्या स्किनला गुणधर्म असतात. स्किन उघडली की बाजूला दिसतं, डॅमेजला एक अधिक, फायर रेटला दोन अधिक, एखाद्या गोष्टीला वजा. तिथं अधिकचं चिन्ह दिसलं म्हणजे ती नुसता रंग नव्हे. हरलेली पोरं खरं बोलत होती.

मिसळ_कट_जादा
एवढ्याशा अधिकानं काय होतंय? नेम नसेल तर डायमंड ओतून पण मरतोसच की.

रात्रपाळी_रंकाळा
खरं आहे, नेम विकत मिळत नाही. पण दोघांचा नेम सारखा असला की काय होतं ते बघ. फ्री फायरमध्ये साधारण 200 हेल्थ. सोपं जावं म्हणून जॅकेट सोडून दे. समज बंदुकीची एक गोळी 33 ची. सहा गोळ्यांत 198 होतात, म्हणजे माणूस दोनवर जिवंत, सातवी लागते. आता स्किननं 5 टक्के वाढले असं धर. गोळी 34.65 ची, सहा गोळ्यांत 207 च्या वर. सहाव्यालाच आडवा. समोरच्याची सातवी अजून बंदुकीतच.

उलट समज, गोळी 36 ची आहे. स्किनशिवाय सहा गोळ्या लागतात, 5 टक्के वाढवून 37.8 केली तरी पाच गोळ्यांत 189 च होतात, सहावी लागतेच. तिथं पैसे घालून काहीच हाती लागत नाही. म्हणून एकजण म्हणतो "काही फरक नाही" आणि दुसरा म्हणतो "लुटलं", आणि दोघांचा अनुभव खरा असू शकतो. टक्का किती यापेक्षा एक गोळी वाचते का ते बघायचं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक बंदुकीचे वेगळे.

बिंदूचौक_वहिनी
हे पैशाचे गेम 2025 च्या कायद्यानं बंद झाले ना? मंडळानं असलं काही करू नये. आमच्या शेजारचा मुलगा रमीत बुडालाय.

रात्रपाळी_रंकाळा
वहिनी, बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर. इथं पोरगं पैसे देऊन बंदूक घेतंय, परत पैसा मिळत नाही. खिसा रिकामा होतो ही तुमची काळजी मात्र बरोबर आहे.

फुटबॉल_वेडा_मंगळवारपेठ
सोपं करून सांगतो. पेठेच्या मॅचला टीमनं भारी जर्सी शिवून आणली तर कोण भांडत नाही. पैसे देऊन बारावा खेळाडू उतरवला तर शाहू स्टेडियमवर राडा होईल. जर्सी म्हणजे स्किन, बारावा म्हणजे पे टू विन.

राजारामपुरी_रॉकेट
जर्सी गवताच्या रंगाची असली तर? वॉरझोनमध्ये रोझ नावाच्या कॅरेक्टरचा काळाकुट्ट पोशाख होता. कोपऱ्यात बसला की दिसायचाच नाही, शेवटी कंपनीला तो उजळ करावा लागला. आकडा एक पण वाढला नव्हता.

रात्रपाळी_रंकाळा
हा मुद्दा मान्य. चिन्ह बघून हे कळत नाही, खेळूनच कळतं.

उसाचा_रस
माझं ऐका, क्लॅश रोयाल ठेवू नका. मी तीन वर्षं पैसे घातले. एका लेव्हलला कार्डाचा जीव आणि मार साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. मी खेळायचो तेव्हा बरोबरीच्या लेव्हलला फायरबॉलनं मस्केटियर मरत नव्हती, थोडक्यात वाचायची. फायरबॉल एक लेव्हल वर नेला की एका फटक्यात साफ. समोरच्यानं चूक काहीच केलेली नसायची. ते जिंकून पण मजा आली नाही, आणि बायकोनं बँकेचा मेसेज वाचला.

शिवाजीपेठी_दादा
क्लॅश रोयाल मी विचारलंच नव्हतं ओ. फ्री फायरमधला हा अधिक बंद करता येतो का?

रात्रपाळी_रंकाळा
येतो. रूम कार्डनं कस्टम रूम करा, मोड क्लॅश स्क्वॉड, चार विरुद्ध चार. सेटिंगमध्ये गन प्रॉपर्टी बंद करा. स्किन दिसत राहील, गुणधर्म चालणार नाही. त्याच जागी कॅरेक्टर स्किलही बंद करा. रूम तुमच्या फोनवरून उघडा आणि सुरू करायच्या आधी सेटिंगचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, नाहीतर हरलेला म्हणणार "चालूच होतं".

फुटबॉल_वेडा_मंगळवारपेठ
स्किल कशाला बंद? बरीच कॅरेक्टर गोल्डवर मिळतात, खेळून कमवायची. ते पे टू विन कसं?

रात्रपाळी_रंकाळा
ज्याला दिवसाला चार तास मिळतात तो कमावतो. दहावीतलं पोरगं एक तास खेळणार, नाहीतर डायमंड घालणार. विकत मिळणारी ताकद आणि रखडून मिळणारी तीच ताकद, मला फार फरक वाटत नाही.

फुटबॉल_वेडा_मंगळवारपेठ
मग रोज सरावाला येणाऱ्याला पण बाहेर बसवा. घाम गाळलाय त्यानं.

मिसळ_कट_जादा
परत सांगतो, बीजीएमआय ठेवा.

शिवाजीपेठी_दादा
पोरांना विचारून आलो. बीजीएमआय 16 पैकी पाच फोनवर नीट चालतोय, तो कटाप. फ्री फायर मॅक्सच, कस्टम रूम, गन प्रॉपर्टी बंद. स्किल मात्र चालू ठेवतोय. बंद केलं तर आठ पोरं येणारच नाहीत म्हणाली, आणि आठ पोरांत कसली स्पर्धा.

रात्रपाळी_रंकाळा
अर्धीच गळती बुजवलीत दादा. फायनलला परत इथं लिहाल.

शिवाजीपेठी_दादा
फायनलला या की बघायला. वडापाव आहे, तो 3000 मध्येच बसवलाय.

राजारामपुरी_रॉकेट
आयपॅड आणला तर चालेल का?