मदत हवी आहे: स्पॉट वेल्डिंगमुळे शेजारच्यांची लाईट मिचमिचते, कपॅसिटर वाढवू का?

पत्राकाम_भोसरी
भोसरी एमआयडीसीत आमचं पत्र्याचे ब्रॅकेट बनवायचं छोटं शॉप आहे. नवीन स्पॉट वेल्डिंग मशीन बसवलं, प्लेटवर ७५ केव्हीए लिहिलंय. तेव्हापासून शेजारच्या डिझाईन ऑफिसची तक्रार सुरू आहे की दिवे सारखे मिचमिचतात, पोरांची डोकी दुखतात. दोघांचं कनेक्शन महावितरणच्या एकाच ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरवरून आहे.

मी मल्टीमीटर लावून बघितलं. मशीन चालू असताना २२८-२२९ दाखवतो, जागचा हलत नाही. आमच्याकडे एपीएफसी पॅनल आहे आणि बिलात पॉवर फॅक्टर ०.९९ येतो. साधारण दर पाच सेकंदाला एक स्पॉट, वेल्ड टाईम १० सायकल. इलेक्ट्रिशियन म्हणतो अजून ५० केव्हीएआर टाका, प्रश्न मिटेल. टाकू का? आणि ५०० च्या ट्रान्सफॉर्मरला ७५ म्हणजे काहीच नाही ना?

वायरिंगवाला_पिंपरी
इलेक्ट्रिशियन बरोबर बोलतोय. वेल्डिंगचा पॉवर फॅक्टर खराब असतो, रिअ‍ॅक्टिव्ह करंटमुळेच व्होल्टेज पडतं, आणि कपॅसिटर ते भरून काढतो. पॅनलची सेटिंग ०.९९ वरून युनिटीला घ्या.

भट्टीवाला
आमच्याकडे आर्क फर्नेस आहे, तेव्हा हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे. भंगार वितळताना इलेक्ट्रोड खाली उतरतात, मधेच भंगार कोसळतं आणि शॉर्ट होतं. मग आर्क तुटतो, पुन्हा लागतो. पहिली काही मिनिटं फ्लिकर भयंकर. एकदा सपाट रस झाला की सगळं शांत. आम्ही थायरिस्टरवर चालणारा, झटपट भरपाई करणारा एसव्हीसी बसवला, त्याने फ्लिकर निम्म्यावर आला, त्याखाली काही जाईना. थायरिस्टरला फायरिंगसाठी पुढच्या अर्ध्या सायकलची वाट बघावी लागते आणि तेवढ्यात आर्क बदललेला असतो. स्टॅटकॉम त्याहून बराच चांगला, पण महाग. तुम्हालाही असंच काहीतरी लागेल.

निवृत्त_टेस्टिंग
पत्राकाम, कपॅसिटर विकत घेण्याआधी थांबा.

पहिली गोष्ट, तुमच्या मल्टीमीटरला हे दिसणारच नाही. १० सायकल म्हणजे ०.२ सेकंद. मीटर त्याहून जास्त वेळाची सरासरी काढून आकडा दाखवतो, तोवर व्होल्टेज परत वर आलेलं असतं. एक सेकंदाची सरासरी धरणारा लॉगरही हेच करेल. अर्ध्या-अर्ध्या सायकलला आरएमएस मोजणारा क्लास ए अ‍ॅनालायझर भाड्याने आणा आणि मेन इनकमरवर तिन्ही फेजला लावा. तो दर दहा मिनिटांनी पीएसटीचा, म्हणजे मिचमिच डोळ्याला किती जाणवते त्याचा, आकडा देईल. एलटी पुरवठ्यावर तो १ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. मशीन चालू असलेला आठवडा घ्या, त्यात सुट्टीचा दिवस येऊ द्या, म्हणजे लाईनवर मुळात किती होतं तेही कळेल.

दुसरी गोष्ट, ७५ वर जाऊ नका. तो आकडा ५० टक्के ड्युटीचा, कॉपर किती तापेल यासाठीचा. वेल्डच्या क्षणी मशीन किती ओढतं ते क्लॅम्पच्या पीक होल्डवर बघून सांगा.

आणि एक विचारतो. शेजाऱ्यांचे सगळेच दिवे मिचमिचतात, की काहीच?

पत्राकाम_भोसरी
काका, तुमचा अंदाज कसा काय बरोबर आला? एकाच बाजूची रांग जोरात मिचमिचते, मधली थोडी, खिडकीकडची अजिबात नाही. क्लॅम्पवर पीक ४८० अँपिअर आला. अ‍ॅनालायझर बसवून आठवडा झाला: एका फेजला २३० चं २२२ होतं, दुसऱ्याला २२५, तिसरा जागेवरच. वाईट फेजचा पीएसटी २.८. रविवारी ०.४.

निवृत्त_टेस्टिंग
मग हिशोब जुळतोय. तुमचं मशीन दोन फेजच्या मधे लागलंय. ४८० गुणिले ४१५ म्हणजे त्या क्षणी २०० केव्हीए. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स आणि वरची लाईन धरून तुमच्या जागी फॉल्ट लेव्हल १० एमव्हीएच्या आसपास असेल. तीन फेजमध्ये सारखा वाटलेला लोड असता तर फार तर २ टक्के ड्रॉप आला असता. दोन फेजमधल्या लोडला √३ ने गुणायचं, म्हणजे साडेतीन टक्के. २३० चे ८ व्होल्ट, तुम्हाला दिसले तेवढेच. तिसऱ्या फेजमधून करंटच जात नाही म्हणून खिडकीकडची रांग शांत.

आता एपीएफसी. त्यातला कॉन्टॅक्टर पडायला-उचलायला वेळ घेतो, एकदा सुटलेला कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला मिनिटभर थांबावं लागतं, आणि कंट्रोलर मुद्दाम सरासरी बघून चालतो. ०.२ सेकंदाचा वेल्ड त्याच्या गावीही नसतो. बिलाचा पॉवर फॅक्टर चांगला असून फ्लिकर वाईट असणं यात काही विरोध नाही. वायरिंगवाला यांचं कारण बरोबर आहे, उपायाचा वेग चुकला.

लागतो तो थायरिस्टरने स्विच होणारा कपॅसिटर, सात टक्के रिअ‍ॅक्टरसकट आणि त्याच दोन फेजच्या मधे. भट्टीवाल्यांची अडचण तुम्हाला नाही. आर्क कधी तुटेल ते कोणी सांगू शकत नाही, पण तुमचा वेल्ड टाईमर स्पॉट कधी मारणार हे स्वतःच ठरवतो. त्याचा सिग्नल कपॅसिटरच्या कंट्रोलरला द्या, म्हणजे दोन्ही एकदमच येतील. नाहीतर मोजून प्रतिसाद द्यायला एखादी सायकल जाते आणि तेवढा खड्डा प्रत्येक वेल्डला उरतोच.

पण पूर्ण सुटेल असं धरू नका. वेल्डचा पॉवर फॅक्टर ०.५ धरला तर १०० किलोवॅट आणि १७३ केव्हीएआर. १५० केव्हीएआर भरले तरी ते १०० किलोवॅट दोन फेजमध्येच राहतात, त्यामुळे वाईट फेज दीड टक्क्याच्या जवळपास पडत राहील. पीएसटी २.८ वरून १.१ ते १.२. एकाच्या वरच.

पत्राकाम_भोसरी
मग स्पॉटचा वेगच निम्मा केला तर? दहा सेकंदाला एक.

निवृत्त_टेस्टिंग
उत्पादन निम्मं होईल आणि पीएसटी जेमतेम वीस टक्क्यांनी उतरेल. ड्रॉप निम्मा केला तर पीएसटी निम्मा होतो, पण संख्या निम्मी केली तर तिचं ३.२ वं मूळ लागतं. २.८ चं २.२-२.३ होईल, शेजारी तसेच वैतागतील. पैसा ड्रॉप कमी करण्यावर घाला.

रोबोलाईन_चाकण
आमच्या लाईनवर मिड फ्रिक्वेन्सी डीसी गन आहेत. इन्व्हर्टर असल्याने तिन्ही फेजमधून सारखं ओढतात आणि पॉवर फॅक्टर ०.९ च्या आसपास. शेजाऱ्यांची तक्रार कधी ऐकली नाही. जुना ट्रान्सफॉर्मर काढून तसा टाकता येतो का ते मशीनवाल्याला विचारा.

निवृत्त_टेस्टिंग
हे जास्त मुळाशी जाणारं आहे. तीन फेजमध्ये १२० केव्हीए चांगल्या पॉवर फॅक्टरने ओढले तर ड्रॉप पाऊण टक्क्याच्या आत, पीएसटी ०.६ च्या घरात. हार्मोनिक्स मात्र बघून घ्या.

वायरिंगवाला_पिंपरी
शेजाऱ्यांना चांगले एलईडी लावून द्या, विषय संपला. आमच्या दुकानात ब्रँडेड पॅनल हलतसुद्धा नाही.

निवृत्त_टेस्टिंग
चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी खरोखर हलणार नाही, स्वस्तातला मात्र जुन्या बल्बहून जास्त मिचमिचेल. फ्लिकरमीटर अजूनही ६० वॅटच्या बल्बवर आणि माणसाच्या डोळ्यावर बेतलेला आहे, म्हणून एलईडी शांत असला तरी पीएसटी २.८ च दाखवेल. उद्या दुसरा कोणी त्याच ट्रान्सफॉर्मरवर आला की पुन्हा तेच. पण आठवडाभराची सोय म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय वेगळा आहे: शेजाऱ्यांच्या दोन्ही रांगा तिसऱ्या फेजवर घ्या. फेज लोड तेवढा बघा.

पत्राकाम_भोसरी
तिसऱ्या फेजवर घ्यायला ते तयार झालेत, शनिवारी करतोय. एमएफडीसीचं कोटेशन मागवलंय आणि थायरिस्टरवाल्या कपॅसिटरचंही. एक शंका उरली: मशीनच्या टाईमरला फक्त एकच रिले आउटपुट आहे आणि ते एअर व्हॉल्व्हला, म्हणजे इलेक्ट्रोडचा सिलेंडर दाबायला जातं. स्क्वीझ टाईम संपून वेल्ड सुरू व्हायच्या आधीचा सिग्नल त्यातून कसा काढायचा, हे कोणी केलंय का?