सोसायटी ग्रुप : बी पॉझिटिव्ह कोण आहे?

बी-५०३ (सकाळी ९:१२): सर्वांना आगाऊ धन्यवाद 🙏🙏

ए-१०४ काका: कशाबद्दल, वहिनी?

बी-२०१: पाहुण्यांची गाडी परत माझ्या जागेत लावायची असेल, तर आधीच सांगतो, जमणार नाही.

ए-७०२: ए विंगच्या लिफ्टचं काय झालं? सातव्या मजल्यावर राहून बघा एकदा.

सी-३०३: धन्यवाद पोचले, पेढे कधी? 😄

सचिव: कृपया विषय सोडून मेसेज टाकू नयेत.

ए-७०२: लिफ्ट हा विषयच आहे!

बी-५०३ (९:५८): माफ करा, डॉक्टरांनी आत बोलावलं होतं. मोठ्या दिरांना डेंगू आहे. प्लेटलेट ९ हजारांवर आल्यात, नाकातलं रक्त थांबत नाही. दाता हवाय.

सी-४०१ ताई: वहिनी, रक्तगट कोणता? आणि डॉक्टरांनी एसडीपी लिहिलंय का?

बी-५०३: बी पॉझिटिव्ह. हो, एसडीपी.

सी-४०१ ताई: मी रक्तपेढीत काम करते म्हणून सांगते, पाऊण तास फुकट गेला. एसडीपीत एकाच दात्याचं रक्त मशीनमधून फिरवून फक्त प्लेटलेट काढतात, बाकीचं परत देतात. त्यालाच तास-दीड तास लागतो. त्याआधी दात्याचं सँपल तपासायचं असतं, त्यात आणखी वेळ जातो. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून तयार साठा मिळेलच असं नाही.

ए-१०४ काका: मी बी पॉझिटिव्ह. लगेच निघतो.

सी-४०१ ताई: काका, तुम्ही साठीच्या पुढचे, घेणार नाहीत. वजन ५० किलोच्या वर हवं, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. हाताची शीरही ठळक लागते.

सी-३०३: मी बी पॉझिटिव्ह, वजन ७४. काल डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉल घेतली होती.

सी-४०१ ताई: ती चालेल. ताप नव्हता ना?

सी-३०३: नाही. मघाचं मनावर घेऊ नका, वहिनी. निघालोच.

सी-४०१ ताई: उपाशी जाऊ नका, नाश्ता करून जा. वहिनी, वॉर्डातून मागणीचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने घ्या, त्याशिवाय रक्तपेढी काम सुरू करत नाही.

बी-२०१: माणुसकी आहेच, पण पार्किंगचा विषय वेगळा.

ए-१०४ काका: अहो, आत्ता तरी राहू द्या!

ए-७०२: आणि लिफ्ट?

सी-४०१ ताई: सर्वांना विनंती, रक्त हवं असेल तर पहिल्याच मेसेजात रक्तगट, काय हवंय, रुग्णालय, वॉर्ड आणि फोन नंबर लिहा. आभार नंतर मानता येतात.

बी-५०३: चुकलं ताई, हात थरथरत होते.

सी-४०१ ताई: तुमचं नाही हो, सगळ्यांसाठी लिहिलं. आता दुसरा दाताही तयार ठेवू. सँपलमध्ये पहिल्याच्या प्लेटलेट कमी निघाल्या तर तो बाद होतो. बी पॉझिटिव्ह आणखी कोण आहे?

बी-२०१: मी.