मदत हवी आहे: पाच विभागांची महिनावार विक्री, बार चार्ट की लाईन चार्ट?

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगावात ड्रिपच्या खतांच्या होलसेल फर्ममध्ये हिशोब पाहतो. रावेर-यावल, चोपडा, शिरपूर, धुळे आणि शहादा असे आमचे पाच विभाग. वर्षअखेरच्या मीटिंगसाठी शेठनी एकच विचारलंय: "कोणता विभाग खाली चाललाय आणि कधीपासून?"

एप्रिल ते फेब्रुवारी बार चार्ट काढला तर 55 बार झाले, शेजारी शेजारी पाच रंग. काहीच कळत नाही. लाईन चार्ट काढला तर रावेर-यावल 30-35 लाखांवर एकटा आणि बाकीच्या चार रेषा तळाशी एकमेकींत गुंतलेल्या. काय ठेवू? मागच्या वर्षाचे आकडेही हाताशी आहेत.

शिरपूरकर
खाली महिने असतील तर लाईन. विषय संपला. बार हे काळासाठी नसतातच.

आकडेमोड
शिरपूरकर भाऊ, इथे लाईनच बरी, पण बार काळासाठी नसतात असं नाही. एकाच विभागाची महिनावार विक्री बारमध्ये छान दिसते, कारण प्रत्येक आकडा त्या महिन्याची पूर्ण बेरीज असते. अडचण पाच विभाग एकत्र आले की होते. धुळ्याचा जुलैचा बार आणि ऑगस्टचा बार यांच्यामध्ये दुसऱ्या विभागांचे चार बार येतात. नजरेला दर वेळी उडी मारावी लागते. रेषा ती उडी वाचवते. "फक्त जुलैत कोण पुढे?" असा प्रश्न असता तर मी पाच आडवे बार दिले असते, मोठ्यापासून लहानाकडे.

तापीकाठ, तुमची खरी अडचण हंगामाची आहे. धुळे-शहाद्याकडे कापसाचं ड्रिप, म्हणजे खत जून ते ऑक्टोबर जातं. नोव्हेंबरात रेषा खाली येणारच, ती घसरण नव्हे. म्हणून प्रत्येक विभागाचा वेगळा छोटा चार्ट करा, त्यात दोनच रेषा: मागचं वर्ष फिकट करडं, यंदाचं गडद. गडद रेषा ज्या महिन्यापासून करड्याच्या खाली राहते, तिथून शेठच्या "कधीपासून"चं उत्तर सुरू होतं. एखादाच महिना खाली गेला तर पाऊस लांबला असेल किंवा बिल पुढच्या महिन्यात पडलं असेल. सलग तीन महिने खाली असेल तर चौकशी करा.

केळीवाला_रावेर
मी रोजचा केळीचा भाव लिहून ठेवतो. त्याला बार लावू का? आणि भाव निघत नाही त्या दिवशी शून्य टाकतो, मग चार्ट दातेरी दिसतो.

आकडेमोड
दादा, भावाला लाईनच लावा. त्या दिवशी भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच, म्हणून रकाना रिकामा ठेवा. एक्सेलमध्ये `Select Data` मध्ये `Hidden and Empty Cells` आहे, तिथे `Gaps` निवडा. रेषा तिथे तुटेल, ते बरोबरच आहे.

तापीकाठ
हे माझ्याही कामाचं. शहाद्याचा फेब्रुवारीचा आकडा अजून आलेला नाही, आणि शेवटी रेषा थेट शून्यावर कोसळतेय. रकाना तर रिकामा दिसतो.

आकडेमोड
त्यात सूत्र असणार. सूत्राने दिलेला `""` एक्सेल रिकामा धरत नाही, शून्य काढतो. B12 मध्ये फेब्रुवारीचा आकडा असेल तर शेजारच्या रकान्यात असं लिहा आणि चार्ट त्या रकान्यावरून काढा:

```
=IF(B12="",NA(),B12)
```

रेषा जानेवारीलाच थांबेल.

शिरपूरकर
पाच चार्ट कशाला? एप्रिल म्हणजे 100 धरा, सगळे विभाग एकाच चार्टवर येतील.

आकडेमोड
एप्रिल नको. कापसाच्या पट्ट्यात तो रिकामा महिना. धुळे एप्रिलला दीड लाख आणि जुलैला नऊ असेल तर रेषा 600 वर जाईल आणि बारमाही चालणारा रावेर-यावल मेल्यासारखा दिसेल. धरायचंच तर मागच्या वर्षाची महिन्याची सरासरी 100 धरा.

तापीकाठ
पाच चार्ट एका पानावर बसवले. रावेर-यावल जूनमध्ये दबतो, पण मागच्या वर्षीही तसाच दबला होता. त्यावर उगाच वाद चालला होता. धुळे मात्र ऑगस्टपासून सलग करड्या रेषेखाली आहे. 55 बारांत हे दिसलंच नव्हतं.

आता स्केलचं सांगा. पाचही चार्टला 0 ते 40 लाख ठेवलं तर शहाद्याची रेषा जमिनीला चिकटते.

आकडेमोड
इथे प्रत्येकाला स्वतःचं स्केल द्या. प्रश्न विभागाच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी आहे. फक्त प्रत्येक चार्टवर सगळ्यात वरचा आकडा ठळक लिहा.

शिरपूरकर
मला नाही पटत. मीटिंगमध्ये आकडे कोण वाचतं? शहाद्याची दोन लाखांची घट आणि रावेरची दहा लाखांची घट सारखीच खोल दिसली की शेठ चुकीच्या गावी माणूस पाठवतील. स्केल एकच ठेवा.

आकडेमोड
मुद्दा खरा आहे. मग खाली वर्षभरातली घट लाखांत दाखवणारे पाच आडवे बार जोडा, शून्यापासून सुरू होणारे. पण धुळे-शहाद्याच्या रेषा वाचता आल्याच पाहिजेत, त्यावर मी ठाम आहे.

तापीकाठ
दोन्ही प्रती काढतो. शहाद्याचा आकडा आला की शेठना दाखवून इथे कळवतो.