मदत हवी आहे: 'मी' रूपावलीत एका घरात ठेवायचा की दोन?

रूपरेखा

मराठी सर्वनामांची रूपावली संगणकासाठी तयार करत आहे. प्रत्येक रूपापुढे विभक्ती नोंदवायची आणि त्यावरून वाक्यातल्या शब्दाची फोड करायची, असं काम आहे. 'तो'चं काही अडत नाही. 'तो गेला' ही प्रथमा, 'त्याने आंबा खाल्ला' ही तृतीया. 'मी'पाशी गाडी अडते. 'मी गेलो' आणि 'मी आंबा खाल्ला', दोन्हीकडे 'मी'च. सध्या नोंदी अशा आहेत:

```
मी   purush=1 vachan=ek vibhakti=1
मी   purush=1 vachan=ek vibhakti=3
```

यामुळे प्रत्येक 'मी'ला दोन उत्तरं मिळतात. आम्ही, तू, तुम्ही यांचंही तेच. दुसरी ओळ काढून टाकली तर काय बिघडेल? आणि 'मला'ला द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन ओळी द्यायच्या का?

एकसूत्री

काढून टाका. जेवढी रूपं तेवढ्याच विभक्ती. कानाला फरक ऐकूच येत नसेल तर तो तक्त्यात मांडून काय साधणार? प्रथम आणि द्वितीय पुरुषाला मराठीत कर्त्याची तृतीया नाही, तिथे प्रथमाच चालते, एवढा एक नियम लिहिला की काम झालं.

पडताळा

एकसूत्री यांचा नियम शक्य कोटीतला आहे, पण तो तपासता येतो. 'मी' स्वतः काही सांगत नसेल तर त्याच्या सोबत्याला विचारायचं. सर्वनामाला लागून दुसरा शब्द ठेवा आणि त्याचं रूप बघा.

आम्ही सगळे गेलो.
आम्ही सगळ्यांनी पत्र लिहिलं.

'आम्ही सगळे पत्र लिहिलं' असं कोणी म्हणत नाही, 'आम्ही सगळ्यांनी गेलो' असंही नाही. 'आम्ही' दोन्हीकडे तेच, पण 'सगळे' बदललं. वाक्य त्या जागी तृतीया मागतं आहे. 'आम्ही'ला ती दाखवता येत नाही, 'सगळे'ला येते. 'दोघे' आणि 'दोघांनी' घेऊनही हाच निकाल मिळतो. एकवचनात 'आणि'ने जोडून बघा: 'मी आणि राम गेलो', पण 'मी आणि रामाने पत्र लिहिलं'. 'मी पामराने काय बोलावे' यातही 'मी' उघडा आणि 'पामराने' प्रत्ययासकट आहे. म्हणजे घरं दोन आहेत आणि दोन्हींत राहणारं रूप एक. दुसरी ओळ काढलीत तर 'आम्ही सगळ्यांनी'ची फोड करताना प्रथमेला तृतीयेचं विशेषण लागलेलं दिसेल आणि तुमची जुळणी तिथे मोडेल.

सोबती निवडताना मात्र जपा. 'एकट्याने' घेऊ नका. 'मी एकट्याने गेलो' हे लोक सहज बोलतात, कारण तो शब्द क्रियाविशेषण होऊन बसला आहे.

एकसूत्री

'सगळ्यांनी'चा मुद्दा मान्य, त्याला माझ्या नियमात उत्तर नाही. पण 'तू पोळी खाल्लीस' यातला 'स' बघा. 'तू गेलास'मध्येही तोच 'स'. क्रियापद दोन्हीकडे 'तू'ची दखल घेतंय. तृतीयेतल्या कर्त्याशी क्रियापद जुळत नाही, असंच आपण शिकलो ना? मग निदान 'तू' तरी प्रथमेत धरा.

पडताळा

'खाल्लीस'मध्ये दोन जुळण्या आहेत. 'ली' पोळीची, 'स' तू-चा. 'गेलास'मध्ये 'ला' आणि 'स' दोन्ही 'तू'कडून येतात. 'तू जावंस'मध्येही 'स' आहे आणि तिथे तर 'त्याने जावं', 'तुम्ही सगळ्यांनी जावं', म्हणजे जागा तृतीयेचीच. त्यामुळे मला तरी 'स' फक्त पुरुष पाहतो, विभक्ती पाहत नाही, असं दिसतं. पण तृतीयेतल्या कर्त्याला क्रियापदावर खूण सोडता येते हे त्यातून मान्य करावं लागतं, आणि ते सगळ्यांना पटत नाही.

दर्भांकुर

संस्कृतासाठी असंच काम चालू आहे. 'रामाभ्याम्'ला तृतीया, चतुर्थी, पंचमी अशी तीन उत्तरं येतात. हीच युक्ती लावली, 'ताभ्यां रामाभ्याम्' करून पाहिलं, काहीच सुटत नाही. म्हणजे द्विवचनात या तीन विभक्ती एकच मानू?

पडताळा

नाही सुटणार, कारण चतुर्थीतही चालणारी 'वाम्', 'नौ' ही आखूड रूपं सोडली तर द्विवचनात ही तीन घरं वेगळी दाखवणारा एकही शब्द नाही, सर्वनामसुद्धा नाही. तिथे घरं शेजारच्या वचनांवरून ठरतात: रामेण, रामाय, रामात्. पाणिनीने 4.1.2 या सूत्रात 21 प्रत्यय मांडताना 'भ्याम्' तीनदा आणि 'भ्यस्' दोनदा लिहिला आहे. एकदाच लिहून भागवलं नाही. पंचमी आणि षष्ठी एकवचनाचा प्रत्यय मुळात एकच, 'अस्', तरी एकाला 'ङसि' आणि दुसऱ्याला 'ङस्' अशी वेगळी खूण दिली. खुणेपुरते जोडलेले इत् वर्ण काढून मोजलं तर 21 घरांत 13च वेगळे प्रत्यय उरतात.

युक्ती चालते ती पंचमी-षष्ठीत. 'गिरेः' दोन्हींचं रूप, पण 'तस्माद् गिरेः' म्हणजे पंचमी आणि 'तस्य गिरेः' म्हणजे षष्ठी. सोबती नसला तर वाक्याचा अर्थच बघावा लागतो.

जुनीपोथी

'मी' आणि 'तृतीया' वाचून आलो. शाळेच्या तक्त्यात तृतीयेत 'मी, म्या, माझ्याने' असं असतं ना? मग धागाकर्त्याने 'माझ्याने' का सोडलं? जुन्या मराठीत तर 'म्यां केले', 'त्वां केले' सर्रास सापडतं.

पडताळा

'म्यां' महत्त्वाचं आहे. घर पूर्वी वेगळ्या रूपाने भरलेलं होतं, नंतर 'मी'ने ते व्यापलं. 'माझ्याने' मात्र त्या घरात घालू नका. 'माझ्याने आंबा खाल्ला' होत नाही, 'माझ्याने चालवत नाही' होतं. ते सामर्थ्याचं रूप आहे, 'रामाच्याने चालवत नाही'सारखं. शाळेचा तक्ता दोन वेगळी कामं एका खान्यात कोंबतो.

रूपरेखा

दोन ओळी ठेवते. मग दोन उत्तरांतून एक निवडायला 'सकर्मक भूतकाळ असेल तर तृतीया' असा नियम लावू का?

पडताळा

तो दोन्ही बाजूंनी चुकेल. 'मी धडा शिकलो', 'मी ते विसरलो' ही सकर्मक भूतकाळाची वाक्यं आहेत, पण 'तो शिकला', 'तो विसरला', म्हणजे प्रथमा. उलट 'मी काय करावं?' यात भूतकाळ नाही, तरी 'त्याने काय करावं?', म्हणजे तृतीया. क्रियापदांची यादी करा. प्रत्येक क्रियापदासमोर 'मी'च्या जागी 'तो' आणि 'त्याने' ठेवून पाहा आणि जे बसेल ते त्या क्रियापदापुढे लिहा. 'पिणे'ला दोन्ही लिहा: 'तो चहा प्याला' आणि 'त्याने चहा प्यायला'. रूपावलीत सर्वनामागणिक दोन ओळी टंकण्याऐवजी एकच निर्देश पुरतो, म्हणजे पुढे दुरुस्ती एका जागी होते:

```
purush=1|2 : vibhakti=3 -> vibhakti=1 che roop
```

'मला'चं वेगळं आहे. द्वितीया आणि चतुर्थी रूपाने वेगळी दाखवणारं नाम मराठीत नाही, सर्वनाम नाही, सोबतीही नाही. 'आम्हाला सगळ्यांना' असं काही करून फरक निघत नाही. कर्म कधी उघडं असतं, 'झाड तोडलं', तेव्हा ते प्रथमेसारखं. कधी 'ला' घेतं, 'रामाला पाहिलं', तेव्हा चतुर्थीसारखं. द्वितीयेचं स्वतःचं रूप कुठेच नाही. रशियन भाषेतही कर्माची विभक्ती बऱ्याच नामांत उसनी रूपं घेते, पण 'क्निगा'चं 'क्निगू' होतं, तिथे तिचं स्वतःचं रूप सापडतं. म्हणून 'मला'ला मी एकच ओळ देईन आणि कर्म की संप्रदान हे वाक्याच्या पातळीवर ठरवेन.

दर्भांकुर

इथे पटत नाही. 'झाड तोडलं' आणि 'झाडाला पाणी घातलं'. एकाच नामाला कर्म म्हणून 'ला'शिवाय चालतं, संप्रदान म्हणून चालत नाही. हा फरक नामाच्या वागण्यातला आहे. 'भ्याम्'ला तीन घरं दिलीत, मग 'ला'ला दोन का नाहीत?

पडताळा

'भ्याम्'च्या शेजारी रामेण, रामाय, रामात् उभे आहेत. 'ला'च्या शेजारी अनेकवचनातही 'ना'च आहे, तिथेही द्वितीया-चतुर्थी एकच. पण 'झाड'च्या जोडीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. उघडं कर्म प्रथमा म्हणून नोंदवलं तर कर्ता आणि कर्म दोन्ही प्रथमेत येतात, 'राम झाड तोडतो'. तो खर्च मी स्वीकारतो, तुम्ही दुसरा स्वीकाराल.

रूपरेखा

'शिकणे, विसरणे'च्या यादीत 'बोलणे' घातलं: 'मी मराठी बोललो', 'तो बोलला'. 'समजणे'पाशी थांबले आहे. 'मी समजलो' आणि 'मला समजलं', दोन्ही येतात. एकाच क्रियापदाला प्रथमा आणि चतुर्थी अशा दोन नोंदी द्यायच्या, की ही दोन क्रियापदं धरायची?