नवी सुई, नवी सिरिंज, तरी हिपॅटायटिस सी कसा झाला?

मीनल_क:
नशेची औषधं टोचून घेणाऱ्यांना नव्या सुया देणाऱ्या एका सुई-सिरिंज केंद्रावर मी काम करते. नियमित येणाऱ्यांत एक जोडपं आहे. वापरलेल्या सिरिंजा न चुकता परत आणतात, नव्या नेतात, दोघांच्या वेगळ्या. एचआयव्ही दोघांनाही नाही. नवऱ्याला हिपॅटायटिस सी आधीपासून आहे. बायकोची चाचणी गेल्या खेपेला निगेटिव्ह होती, आता पॉझिटिव्ह आली. आमचे वरिष्ठ म्हणतात, "खोटं बोलतात, एकच सुई वापरत असणार." मला ते पटत नाही. त्यातच 'जेवढ्या परत आणाल तेवढ्याच मिळतील' असा नियम करायचं चाललंय. जाणकारांनी कृपया सांगावं, आमचं नेमकं कुठे चुकतंय?

रानवाट:
सुया वाटल्या की व्यसन वाढणारच. आधी नशा सोडवा ना.

मीनल_क:
नशा सोडायचा उपचारही याच केंद्रातून सुरू होतो, आणि तिथवर येणारे बरेचसे आधी सुईसाठीच आलेले असतात. प्रश्न संसर्गाचा आहे, त्यावर बोलूया.

शशांक दे.:
सिरिंज ब्लीचने धुवायला शिकवा. विषाणू मरतात, प्रश्न मिटला.

जुना_परिचारक:
शशांकराव, ब्लीच हा काहीच हाताशी नसतानाचा उपाय. घाईत कोणी नीट धुवत नाही, आणि सी विषाणूच्या बाबतीत त्याचा भरवसा कमीच. शिवाय यांच्या सिरिंजा नव्याच आहेत. मीनलताई, ते दोघं औषध कसं तयार करतात ते विचारलंत का? सुई टोचण्याच्या आधीचं सगळं, एकेक पायरी.

मीनल_क:
आज विचारलं. पुडी दोघांत एकच. एका चमच्यात पाण्यात विरघळवतात, कापसाच्या बोळ्यातून गाळून नवरा सगळं आपल्या सिरिंजमध्ये ओढतो. मग रेघा मोजून अर्धं बायकोच्या सिरिंजमध्ये सोडतो. सिरिंजा दोन्ही नव्या, पाकिटातल्या.

जुना_परिचारक:
त्याची सिरिंज खरंच कोरी असेल तर या वाटणीतून काही जात नाही. पण हाच चमचा आणि बोळा पुन्हा वापरतात का? बोळ्यात औषध उरतं म्हणून बरेच जण तो जपून ठेवतात. आणि पुरलं नाही की नवरा टोचून झालेली सिरिंज पुन्हा चमच्यात बुडवतो का? तसं असेल तर त्याचं रक्त चमच्यात, बोळ्यात, पाण्यात उतरतं आणि तिथून बायकोच्या कोऱ्या सिरिंजमध्ये. म्हणजे दोघं खरं बोलत असूनही संसर्ग होऊ शकतो.

एचआयव्हीच्या मानाने सी फार थोड्या रक्तातून पसरतो, चिवटही आहे. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. म्हणून सुयांच्या वाटपाने एचआयव्ही आटोक्यात येतो आणि सी मागे रेंगाळतो. सुईबरोबर प्रत्येकाला स्वतःचा चमचा, गाळणी आणि पाण्याची छोटी कुपी द्या. दट्टा पूर्ण दाबल्यावरही टोकाशी रक्त उरतं, ते कमी उरेल अशा सिरिंजा मिळतात. शक्य तर त्याच मागवा.

मीनल_क:
बोळा जपून ठेवतात, हो. त्याबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. आणि नियमाचं काय?

अनघा_प:
नियमाबद्दल मी सांगते. माझा भाऊ वापरायचा. तो स्वतःसाठी लागतील त्याहून जास्त न्यायचा, कारण केंद्रावर यायला घाबरणाऱ्या चौघांना तोच पोचवायचा. पोलिसांनी झडतीत वापरलेल्या सिरिंजा काढून घेतल्या की परत करायला हातात काही उरायचं नाही. तुमच्या नियमाप्रमाणे त्याला रिकाम्या हाती पाठवलं असतं, म्हणजे त्याच्याबरोबर त्या चौघांनाही.

जुना_परिचारक:
अनघाताई म्हणतात तेच व्हँकुव्हरमध्ये दिसलं. मोठं केंद्र असूनही १९९०च्या दशकात तिथे एचआयव्हीची लाट आली. कोकेन टोचणारे दिवसात अनेकदा टोचायचे आणि मिळणाऱ्या सिरिंजा अपुऱ्या पडायच्या. २०००नंतर अदलाबदलीची अट सैल करून गरजेप्रमाणे वाटप सुरू झालं, तेव्हा उसन्या सुया वापरणं कमी झालं आणि नवे संसर्गही.

परत आणण्याला मात्र महत्त्व आहेच. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९९०पासून सिरिंजांवर खुणा करून परत आलेल्या तपासल्या, तेव्हा त्यांत एचआयव्ही सापडलेल्या सिरिंजांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. सिरिंज बाहेर कमी वेळ फिरली की ती कमी हातांत जाते. म्हणून परत मागा, पण परत न आणल्याबद्दल नवी अडवू नका.

शशांक दे.:
पण साठाच मोजका असेल तर?

मीनल_क:
तोच अडसर आहे. वरिष्ठांचं म्हणणं, चमचे-गाळण्या घेतल्या तर सिरिंजा कमी घ्याव्या लागतील.

जुना_परिचारक:
मी सिरिंजा कमी करणार नाही. यावर कामातल्या लोकांत एकमत नाही, कोणी वेगळं केलं असेल तर लिहा. आणि ताई, बायकोची कोणती चाचणी पॉझिटिव्ह आली? अँटिबॉडीची असेल तर विषाणू आत्ता आहे का हे आरएनए चाचणीवरूनच कळेल, काहींचा आपोआप जातो. असला तर गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात, पण उपचार दोघांचा एकदम करा. नाहीतर ती बरी होऊन त्याच चमच्यातून पुन्हा घेईल.

मीनल_क:
अँटिबॉडीचीच आहे. सोमवारी दोघांचंही रक्त आरएनएसाठी पाठवते आणि निकाल इथे लिहिते.