निरोप घ्यायचा की द्यायचा? (टीमच्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज)

शिफ्ट-बी:
वेर्ण्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं पॅकिंग सेक्शनला होतो. शुक्रवारी शेवटचा दिवस. टीमच्या ग्रुपवर चौदा जण आहेत. निम्मे घरी कोकणी बोलणारे, एक सांगलीचा, एक बेळगावची, बाकी आम्ही. मेसेज मराठीतच टाकायचा आहे. असा लिहिलाय:

"प्रिय टीम, आज माझा शेवटचा दिवस. सहा वर्षांच्या सहकार्यासाठी धन्यवाद. जड अंतःकरणाने मी आपल्यातून जात आहे व तुम्हा सर्वांना निरोप देत आहे. काही चुकले असल्यास क्षमस्व असावे. संपर्कात राहूया."

बायको म्हणते, 'निरोप देत आहे' कानाला खटकतं. का ते तिलाही सांगता येईना. बरोबर काय?

अळूवडी:
वहिनींचं बरोबर आहे. निरोप म्हणजे संदेश. 'आईला निरोप दे, मी उशिरा येईन.' तेव्हा निरोप हा शब्दच इथे चुकीचा. 'रजा घेतो' लिहा, जुन्या पत्रांत तसंच असायचं.

मांडवीकाठ:
रजा नको रे बाबा! मी मागची नोकरी सोडताना मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'आता आपणा सर्वांची रजा घेतो.' पाच मिनिटांत एचआरच्या मुलीचा फोन, "सर, किती दिवस? सिस्टीमवर अर्ज दिसत नाही."

जुनी वही:
अळूवडीताई, निरोप म्हणजे संदेश हे खरं, पण ते अर्धंच. निरोप म्हणजे जाण्याची परवानगी हाही जुनाच अर्थ. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ आहेत. जाणारा परवानगी मागतो, राहणारे ती देतात. म्हणून जाणारा निरोप *घेतो* आणि मागे राहणारे निरोप *देतात*. चवथीचा गणपती आठवा. आपण घरात राहतो, तो जातो, म्हणून आपण त्याला निरोप देतो. शिफ्ट-बी, शुक्रवारी तुम्ही गणपतीच्या जागी आहात. आमच्या जागेवर बसून लिहिलंत म्हणून वहिनींना खटकलं.

विभक्तीही बदलते. 'तुम्हाला निरोप देतो', पण 'तुमचा निरोप घेतो'. परवानगी तुमची असते, मी ती घेतो, म्हणून 'चा'. संदेशाच्या अर्थी निरोप 'सांगतात', 'पाठवतात', 'ठेवतात'. 'देतात' मात्र दोन्हीकडे चालतं, म्हणून गोंधळ.

आणि गंमत म्हणजे रजाही मुळात परवानगीच. अरबीतला 'रझा' म्हणजे संमती. राजी, नाराजी, राजीनामा सगळे त्याच कुळातले. राजीनामा म्हणजे शब्दशः संमतिपत्र. म्हणजे तुम्ही राजीनामा दिलात, वर्षभर रजा घेतल्यात आणि आता निरोप घेताय. तिन्ही वेळा परवानगीचाच कागद, फक्त मोडी वेगळी!

शिफ्ट-बी:
काका, हे कळलं. म्हणजे 'तुम्हा सर्वांचा निरोप घेतो'. बाकी ठीक?

पेडण्याची माई:
बाकी कुठलं ठीक! 'आज माझा शेवटचा दिवस' आणि 'आपल्यातून जात आहे' हे एकापाठोपाठ वाचून माझ्या काळजात धस्स झालं. माणूस आपल्यातून जातो तो श्रद्धांजलीच्या फलकावर. 'कंपनीतला माझा शेवटचा दिवस' लिही, म्हणजे तू शनिवारी सकाळी मासळीबाजारात दिसशील याची खात्री पटेल.

मांडवीकाठ:
'जड अंतःकरणाने'सुद्धा त्याच फलकावरचं, माई.

सेवाज्येष्ठ:
सेवानिवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. माझ्या निरोप समारंभात मी भाषणाची सुरुवात अशी केली होती, 'व्यासपीठावरील मान्यवर...' पाठवू का पूर्ण? साडेतीन पानं आहेत.

शिफ्ट-बी:
काका, मी ३४ वर्षांचा आहे. निवृत्ती नाही, दुसरीकडे लागलोय. आणि मेसेज साडेपाचच्या बसच्या आधी वाचून व्हायला हवा.

जुनी वही:
'क्षमस्व असावे' तेवढं काढा. क्षमस्व हे संस्कृत क्रियापद आहे, 'क्षमा कर' अशी थेट विनंती. त्याच्यापुढे 'असावे' लावलं की 'क्षमा कर असावे' होतं. नुसतं 'क्षमस्व' किंवा 'क्षमा असावी'. खरं तर सहा वर्षं एकत्र डबे खाल्लेल्या माणसांना 'सांभाळून घ्या' पुरतं.

अळूवडी:
निरोपाच्या बाबतीत मी हरले, पण एक माझंही घ्या. 'सहकार्यासाठी धन्यवाद' नको, 'सहकार्याबद्दल आभार'. 'साठी' म्हटलं की पुढची गोष्ट वाटते. लग्नासाठी साडी घेतो, पण दिलेल्या साडीबद्दल आभार मानतो. 'साठी' हल्ली सगळीकडे दिसतं, कारण आपण आधी इंग्रजीत विचार करतो.

जुनी वही:
ताई, हे शंभर टक्के. फक्त 'सहकार्य' हा शब्दच मला सरकारी वाटतो. काय सहकार्य केलं त्यांनी? ते लिहा.

शिफ्ट-बी:
पहिल्याच महिन्यात मी एका पूर्ण लॉटच्या खोक्यांवर चुकीची तारीख मारली होती. लाईन थांबवून चौघे माझ्याबरोबर रात्री अकरापर्यंत लेबलं सोलत बसले. साहेबांना सकाळी कळलं तेव्हा काम झालेलं होतं. त्या चौघांतले तिघे अजून ग्रुपवर आहेत.

पेडण्याची माई:
मग हेच लिही की रे! धन्यवाद म्हणायचं काम त्या लेबलांनी केलं.

मांडवीकाठ:
शेवटी 'संपर्कात राहूया'च्या जागी 'येतो' लिही. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं? उत्तरपूजेलासुद्धा 'पुनरागमनाय च' म्हणतोच. कोकणीतही 'येतां' म्हणूनच निघतात, त्यामुळे चौदाही जणांना कळेल.

अळूवडी:
राजीनामा देऊन 'येतो'? मॅनेजर घाबरेल.

पेडण्याची माई:
घाबरू दे. आणि कोकणीवाल्यांसाठी एक 'देव बरें करूं' घाल. धन्यवादापेक्षा ते आपलं. माझी सासष्टीची मैत्रीण निघताना 'आदेवस' म्हणते, पोर्तुगीज 'आदेउश'वरून आलेलं. त्यातही देव आहेच.

जुनी वही:
माझं मत वेगळं. मराठी मेसेजात एकच कोकणी वाक्य घातलं की पाहुण्यांसाठी वेगळं ताट वाढल्यासारखं दिसतं. त्यांनाही तुमची मराठी कळते.

पेडण्याची माई:
वही, तुम्ही गोव्याचे नव्हेत हे कळतंय. आमच्या घरात सकाळचं वर्तमानपत्र मराठी आणि भांडण कोकणीत. वेगळं ताट कसलं त्यात?

जुनी वही:
मी कोल्हापूरचा, कबूल. पण मत कायम.

शिफ्ट-बी:
बघा आता:

"मंडळी, आज कंपनीतला माझा शेवटचा दिवस. पहिल्या महिन्यात मी तारीख चुकवली तेव्हा रात्री अकरापर्यंत माझ्याबरोबर लेबलं सोलणारी माणसं या ग्रुपवर आहेत. त्यानंतरची सहा वर्षं त्या रात्रीच्या भरवशावर काढली. तुम्हा सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. तुमचा निरोप घेतो. देव बरें करूं. येतो."

अळूवडी:
'निरोप घेतो' आणि 'येतो' दोन्ही? एक पुरे.

मांडवीकाठ:
मग 'येतो' ठेव.

जुनी वही:
'निरोप घेतो' ठेवा. एवढा घोळ घालून शब्द सुधारला, आता तोच काढणार?

शिफ्ट-बी:
दोन्ही ठेवले आणि आत्ताच टाकला. बेळगावच्या पोरीने अंगठा दिला. त्या तिघांतल्या एकाने लिहिलंय, "येतलो मरे, पूण वचपाक आमी निरोप खंय दिला?"