तयार क्लिपमधलं मागचं संगीत बदलायचंय: आवाज वेगळा काढावा की नव्याने भरावा?

कृष्णाकाठ: मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिरांवर पावणेतीन मिनिटांची क्लिप केली होती. बुवा तंबोऱ्याची जवारी काढतायत, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुला करतायत, मधेमधे तार छेडतायत आणि बोलतायत. मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत सतार-तबल्याचा ट्रॅक आहे. त्या ट्रॅकवर आता हक्काचा दावा आलाय. एडिट करणाऱ्या मुलाची हार्डडिस्क गेली, माझ्याकडे फक्त तयार एमपी४ आहे. बुवांचा आवाज वेगळा काढून मागे दुसरं संगीत टाकावं, की बुवांना परत बसवून आवाज नव्याने भरावा? मतं हवीत.

डबिंगवाला_सांगली: नव्याने भरा. यात विचार करण्यासारखं काही नाही. एकदा मिसळलेला आवाज बाहेर काढला की तो पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. 'स' आणि 'श' घासले जातात. मोबाईलवर कळत नाही, पण हॉलमध्ये लावलं की लाज जाते. बुवांना स्टुडिओत आणा, क्लिप दाखवा, तासाभराचं काम.

हेडफोनवाला: बुवा काही नट नाहीत. समोर चित्र लावून ओठांना ओठ जुळवत बोला म्हटलं तर घशातनं शब्द निघायचा नाही. कारखान्यात कानस हातात घेऊन माणूस जसं बोलतो तसं स्टुडिओत बोलत नाही. आधी आवाज वेगळा काढून बघा, खर्च शून्य. डेमक्स हा आवाज वेगळे करणारा प्रोग्राम आणि एफएफएमपेग कॉम्प्युटरवर बसवा आणि एवढंच करा:

```
ffmpeg -i satar.mp4 -vn -ac 2 -ar 44100 satar.wav
demucs -n htdemucs --two-stems=vocals satar.wav
```

`separated/htdemucs/satar` या फोल्डरात दोन फाइली मिळतील. `vocals.wav` म्हणजे माणसाचा आवाज, `no_vocals.wav` म्हणजे बाकी सगळं. कमांडची भीती वाटत असेल तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हरमध्ये हेच बटणांवर होतं. मधल्या टप्प्यात एमपी३ करू नका. एमपी३च्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा शिरते आणि ओठ मागेपुढे होतात.

ऐकताना बोलण्यावर जाऊ नका. जिथे बुवा गप्प आहेत ती जागा आधी ऐका. जुन्या सतारीची भुतं तिथेच सापडतात. बोलणं सुरू असताना ती आवाजाखाली दबलेली असतात.

सज्जनगड_रोड: एवढा खटाटोप कशाला? मूळ ट्रॅक तुमच्याकडे असेलच की, कुठून तरी डाउनलोड केला असणार. तो एडिटिंगमध्ये क्लिपखाली ठेवा, उलटा करा म्हणजे वरची लाट खाली, आणि दोन्ही मिसळा. संगीत संगीताला खाऊन टाकतं, आवाज तेवढा उरतो. शाळेतलं भौतिकशास्त्र.

हेडफोनवाला: भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण ते इथे चालणार नाही. हे जमायला दोन्ही लाटा अगदी एकावर एक बसाव्या लागतात. सेकंदाला 44,100 नमुने असतात. त्यातला एक नमुना इकडेतिकडे झाला की 10,000 हर्ट्झच्या सुराला ऐंशी अंशांहून जास्त फरक पडतो. म्हणजे तो सूर कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. त्याच चुकीला 100 हर्ट्झचा डग्गा मात्र जवळजवळ पुसला जातो. त्यामुळे तुम्हाला ऐकू येईल असं की तबल्याचा घुमारा गेला आणि सतारीची किणकिण तशीच राहिली. किणकिण राहिली तर समजा नमुना चुकलाय.

आणि नमुना तंतोतंत बसवला तरी पुढची गोष्ट आहे. एडिटरने बोलण्याच्या जागी संगीत कमी केलंय, नंतर वाढवलंय, वर एमपी४ करताना एएसीने दाबलंय. क्लिपमधला ट्रॅक आणि तुमच्याकडचा ट्रॅक आता जुळे भाऊ राहिलेले नाहीत. प्रोजेक्ट हातात असता तर ही युक्ती लागलीच नसती.

सज्जनगड_रोड: बरं. पण खालचा घुमारा तरी जातो म्हणताय ना, मग अर्धं काम झालं की.

हेडफोनवाला: ते अर्धं डेमक्सही करतो, आणि जास्त चांगलं करतो.

बाप्पा_मोरया_विटा: नमस्कार, माझा पण हाच प्रश्न. मंडळाच्या कार्यक्रमाला आरतीच्या रेकॉर्डवरनं गायकाचा आवाज काढायचाय, आमची पोरं गाणार आहेत. वर दिलेलं केलं तर होईल का?

हेडफोनवाला: तुमचं उलटं आहे भाऊ. तुम्हाला `no_vocals.wav` पाहिजे. कोरसही माणसांचाच आवाज, तोही जाणार हे धरून चला. टाळ आणि झांजा थोड्या फाटतील, मंडपाच्या स्पीकरवर कुणाला कळणार नाही.

कृष्णाकाठ: करून बघितलं. सुरुवातीची चाळीसेक सेकंदं बुवा नुसतं बोलतात, ती खरंच चांगली निघाली, मला वाटलं नव्हतं. पण 0:48 ला ते कानशीने घोडी घासतात, मग तार छेडतात आणि म्हणतात "आता बघा, उघडली." क्लिपचा जीव तिथेच आहे. `vocals.wav` मध्ये "आता बघा, उघडली" आहे आणि तंबोरा गायब! नुसती पोकळी. `no_vocals.wav` उघडली तर बुवांचा तंबोरा आणि मागची सतार एकमेकांत गुंतलेले. कानशीची खरखर दोन्हीकडे अर्धी अर्धी.

डबिंगवाला_सांगली: घ्या. मी काय सांगत होतो?

हेडफोनवाला: हे मी आधीच सांगायला हवं होतं असं म्हणाल, पण क्लिपचा जीव तंबोऱ्याच्या आवाजात आहे हे मला तुमच्या 0:48 वरून कळलं. हे मॉडेल गाण्यांवर शिकलंय. त्याला चार खाने माहीत आहेत: गळा, ढोल-ताशासारखं आपटणारं, खालचा बेस आणि उरलेलं सगळं. समोर वाजणारा तंबोरा बुवांच्या हातातला आणि मागची सतार ट्रॅकमधली, हा फरक त्याला करता येत नाही. दोन्ही तारा, दोन्ही त्याच 'उरलेल्या' खान्यात. संवाद, संगीत आणि इतर आवाज असे तीन भाग करायला शिकवलेली मॉडेलंही आहेत. ती कानस कदाचित नीट ओळखतील, दाराचा आवाज, रिक्षा ओळखतील. पण तंबोरा त्यांच्याही लेखी संगीतच.

त्यामुळे क्लिपचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा इलाज. नुसतं बोलणं आहे तिथे `vocals.wav` ठेवा. नवीन संगीत बोलण्याच्या 15 ते 20 डेसिबल खाली राहू द्या, उरलेली भुतं त्यात झाकली जातात. बोलणं नाही तिथे `vocals.wav` सरळ कापा, पण त्या जागी मुकी शांतता ठेवू नका, कान लगेच पकडतो. कारखान्यातलं नुसतं वातावरण, म्हणजे पंखा, रस्ता, रेकॉर्ड करून खाली टाका. क्लिपमध्ये तशी स्वच्छ जागा तुम्हाला मिळणार नाही कारण ट्रॅक अखंड आहे. आणि 0:48 चा तंबोरा कारखान्यात जाऊन पुन्हा रेकॉर्ड करा.

डबिंगवाला_सांगली: म्हणजे फिरून माझ्याच दारात आलात. पुन्हा रेकॉर्डच करायचंय तर बुवांचं बोलणंही करून घ्या.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. त्या पोराने शेवटी अख्ख्या मिक्सवर लिमिटर लावला असणार, सगळे लावतात. मग तबल्यावर जोराचा 'धा' पडला की त्या क्षणी बुवांचा आवाजही दाबला गेलाय. आता तबला काढलात तरी तो दाब आवाजात राहतो. `vocals.wav` मध्ये लांब 'आ' असलेला शब्द शोधा. लाट मधेच ठेक्यावर खचलेली दिसली तर मी म्हणतो तेच झालंय. मॉडेल तबला काढेल, त्याने पाडलेला खड्डा कोण भरणार?

हेडफोनवाला: हा मुद्दा मान्य. खड्डे असतील तर त्या जागी हाताने एक-दोन डेसिबल उचलता येतं, पण ते किचकट काम आहे. कृष्णाकाठ, तुमच्या फाइलीत दिसतायत का?

कृष्णाकाठ: "बाबाऽऽ आमचं" म्हणतात तिथे एक दिसतोय. बाकी ठिकाणी संगीत इतकं हळू आहे की काही नाही.

जवारी: मी वाद्यं वाजवतो, एडिटिंग कळत नाही. पण तंबोरा पुन्हा रेकॉर्ड करा म्हणताय तो कुठला? बुवांनी त्या दिवशी घासलेली घोडी एव्हाना कुठल्या तरी गवयाकडे गेली असेल. चित्रात एक तंबोरा आणि कानावर दुसरा. ज्या क्लिपचा विषयच जवारी आहे तिच्यात हे करायचं? "उघडली" म्हणण्याच्या आधीचा बंद आवाज आणि नंतरचा खुला आवाज, हा फरक तुम्ही दुसऱ्या वाद्यावर खोटा तयार करणार?

हेडफोनवाला: बुवांकडूनच करून घ्या, आणि शेवटी एका ओळीत लिहा की वाद्याचा आवाज नंतर ध्वनिमुद्रित केलाय. मला यात खोटेपणा वाटत नाही.

जवारी: मला वाटतो. पण करणारच असाल तर निदान सूर सांभाळा. जुन्या क्लिपमध्ये तंबोरा कशात लावलाय ते `no_vocals.wav` वर ट्यूनर लावून बघा. तार लांबत राहते तेव्हा बघा, छेडल्या क्षणी ट्यूनर फसतो. काळी एक असेल तर नवा तंबोराही काळी एकमध्येच, आणि मागचं नवं संगीतही त्याच सुरात. नाहीतर दोन षड्ज भांडत बसतील. खरं तर 0:48 ला मागे संगीतच नको.

बेदाणा_तासगाव: एक अडाणी प्रश्न. ज्याचा ट्रॅक आहे त्याला विचारून परवान्याचे पैसे भरले तर? आमच्या बेदाण्याच्या जाहिरातीला आम्ही तेच केलं. या सगळ्या उद्योगापेक्षा स्वस्त पडलं. आणि दावा म्हणजे नेमकं काय आलंय? व्हिडिओ बंद केलाय की नुसतं जाहिरातीचं उत्पन्न त्यांच्याकडे वळवलंय? दुसरं असेल आणि तुम्हाला त्यातून पैसे मिळवायचेच नसतील तर सोडून द्या की.

कृष्णाकाठ: उत्पन्नच वळवलंय. पण ही क्लिप एका महोत्सवाला पाठवायचीय, तिथे संगीताचा लेखी परवाना मागतात. ट्रॅकच्या मालकाला मेल टाकलाय, उत्तर नाही.

सज्जनगड_रोड: आवाज काढल्यावर सतार ऐकूच येत नाही म्हणताय, मग दावा परत येणार नाही.

हेडफोनवाला: असं धरून चालू नका. कानाला न येणारा अवशेषही यंत्र ओळखू शकतं. सगळ्यांसाठी खुली करण्याआधी क्लिप खाजगी ठेवून चढवा आणि तपासणी होऊ द्या. सगळं जुळल्यावर मूळ चित्राला हात न लावता नवा आवाज असा बसवा:

```
ffmpeg -i satar.mp4 -i nava.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k nava.mp4
```

कृष्णाकाठ: ठरवलं असं: बोलणं जुनंच, "बाबा" तेवढं हाताने उचलतो. 0:48 ला मागचं संगीत पूर्ण बंद. बुवांशी बोललो, ते परत तंबोरा छेडायला तयार आहेत, पण त्यांचं म्हणणं जवारीसारखंच. म्हणाले, बंद घोडी दाखवायची असेल तर मी नवी घोडी बसवून पहिल्यापासून घासतो, नुसता तारेखालचा दोरा सरकवून फसवणार नाही.

डबिंगवाला_सांगली: मग त्याच बैठकीत कॅमेरा लावा आणि 0:48 चं चित्रही नवंच घ्या. जुन्या चित्राला नवा आवाज चिकटवायचा हट्ट कशाला?

हेडफोनवाला: उजेड, शर्ट, दाढी, काहीच जुळणार नाही. आवाजच घ्या. माईक घोडीपासून हातभर अंतरावर, तबलीच्या अगदी समोर नको, थोडा तिरका ठेवा. आणि कानस सुरू व्हायच्या आधी कुणीही न बोलता मिनिटभर नुसता कारखाना रेकॉर्ड करा.

डबिंगवाला_सांगली: शर्ट तोच घालायला सांगा की ओ!